आमसुलासकट, एकदाच झाकण

मी सूड घेतला, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटपर्यंत साळसूदपणा करून मग हळूच कबुली द्यायची, असली नाटकं मला जमत नाहीत. ठरवून, थंड डोक्याने घेतला आणि घेताना मजाही आली.

चारकोपला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी स्वयंपाकाचे क्लास घ्यायचे. अजूनही घेते. पूर्वी दुपारी बायका यायच्या. दिवाळीआधी फराळ, उन्हाळ्यात वर्षाचे मसाले, मधल्या दिवसांत वडे-घावने. मग त्या बायका नोकऱ्यांना लागल्या, उरलेल्यांना मोबाईलवर सगळं फुकटात दिसायला लागलं, आणि दुपारच्या हॉलमध्ये मी, दहा शेगड्या आणि भिंतीवरची पाल एवढेच उरलो. तेव्हा मी डोकं चालवलं. म्हटलं, ज्यांना खरंच शिकायची गरज आहे ते कोण? नवराबायको दोघं नोकरीला, सात-साडेसातला घरी, आणि मग रोजचा प्रश्न, आज काय मागवायचं. त्यांच्यासाठी मी एक पद्धत बसवली. रविवारी तासभर बसून भाजक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण करायचं, छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकायचं. कडधान्य सकाळी निघताना भिजत घालायचं. दोघं ऑफिसात असतात तेवढ्या दहा तासांत ते आपोआप फुगतं. संध्याकाळी एकाने कुकर बघायचा, एकाने भात आणि कोशिंबीर. पाऊण तासात ताट. यात जादू काही नाही, पण ते असं ओळीत लावायला मला दोन वर्षं लागली.

ही दोन वर्षं माझ्या हाताखाली एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, बोरिवलीची, लग्न झालेली. एकूण चार वर्षं होती माझ्याकडे. आली तेव्हा तिला फोडणीत आधी मोहरी की जिरं इथून सुरुवात होती. मी तिला कांदा चिरायला, खोबरं भाजायला, लोकांशी बोलायला शिकवलं. मला काकू म्हणायची. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने महिनाभर क्लास एकटीने चालवला, आणि मी बरी होऊन परत उभी राहिले त्या आठवड्यात म्हणाली, "काकू, मी उद्यापासून येणार नाही." बरं, का, तर घरची अडचण. पंधरा दिवसांत कळलं, घरची अडचण म्हणजे बोरिवलीत स्वतःचा क्लास. माझी पद्धत, माझे रविवारचे डबे, आणि माझ्या फोनमधली नंबरांची यादी, जी ऑपरेशनच्या महिन्यात मीच तिच्या हातात दिली होती.

मला क्लास काढल्याचा राग नव्हता, असं मी लोकांना सांगायचे. साफ खोटं. होता. डोक्यात तिडीक जायची. पण त्याहून वाईट पुढे झालं.

आमच्याकडे माझी भाची राहते, बहिणीची मुलगी. अंधेरीला ऑफिस. तिला चहासुद्धा धड येत नाही, पण मोबाईलवर जाहिरात कशी करायची हे ती जाणते. माझ्या ट्रायल क्लासचा फोटो आणि त्याखालचं कॅप्शन ती टाकते. ट्रायल क्लास म्हणजे एका संध्याकाळी लोकांनी येऊन बघायचं, करायचं, खायचं. पटलं तर मंगळवार-गुरुवारच्या बॅचला नाव द्यायचं. त्या पहिल्या कॅप्शनमध्ये मी गमतीने लिहिलं होतं, "लसूण सोलायला नवऱ्यांना बसवू, बायकांनी बसून बघायचं." तीन दिवसांनी भाचीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. बोरिवलीच्या क्लासची पोस्ट, फोटो वेगळा, आणि खाली तेच. लसूण, नवरे, बसून बघायचं, सगळं. फक्त जागा, वार आणि नंबर बदललेला. आणि वार कोणता, तर माझ्या आदला.

हे तीनदा झालं. मी कॅप्शन लिहायचं, तिने उचलायचं, आणि माझ्या शनिवारच्या आधी तिने शुक्रवार ठेवायचा. शुक्रवारी जोडपी तिच्याकडे जाऊन आली की शनिवारी माझ्याकडे कोण कशाला येतंय? तिसऱ्या खेपेला माझ्याकडे दोन जोड्या आल्या. त्यातली एक चुकून आली होती. त्यांना वरच्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला जायचं होतं.

मग सेक्रेटरींनी मला खाली गाठलं. चांगले गृहस्थ आहेत, पण नियमाचे पक्के. म्हणाले, "मॅडम, संध्याकाळचा हॉल झुंबावाल्या बाई मागतायत. तुमची बॅच होत असेल तर तुम्हीच घ्या. पण निदान आठ जोड्या तरी दाखवा. या महिन्यात नाही झाल्या, तर मला त्यांना द्यावा लागेल." म्हणजे एक ट्रायल उरली. आठ जोड्या जमल्या तर क्लास राहणार, नाही जमल्या तर वीस वर्षांचं काम संपलं. माझ्या ओट्यावर झुंबा.

त्या संध्याकाळी मी कॅप्शन लिहायला बसले. पहिला मसुदा असा होता : "पद्धत चोरता येते, हात चोरता येत नाही. अस्सल शिकायचं असेल तर चारकोपला या, नक्कल हवी असेल तर बोरिवलीला जा." मला फार आवडला होता. भाचीने वाचला आणि म्हणाली, "मावशी, हे वाचून जोडपी येणार नाहीत गं, पळून जातील. त्यांना तुमच्या भांडणाशी काय घेणं? दिवसभर बॉसची कटकट ऐकून आलेली माणसं आहेत ती. आणि पोस्टमध्ये पहिल्या दोन ओळीच दिसतात. बाकीचं बघायला बोटाने दाबावं लागतं. त्या दोन ओळींत त्यांना त्यांचं घर दिसलं पाहिजे. किती वाजता घरी येणार, किती वाजता जेवणार, बस."

पटलं. भाचीचं डोकं चालतं. "आणि तिने परत उचललं तर?" मी विचारलं.

"उचलणारच. तक्रार टाकू या का? पण त्यात वेळ जातो. मावशी, तिला अडवता येणार नाही."

अडवता येणार नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. अडवता येत नाही, तर जाऊ द्यावं. सरळ, तोंडावर आपटेपर्यंत.

आमच्या कोकणातल्या बायकांची एक जुनी खोड आहे. पाककृती विचारली तर नाही म्हणायचं नाही, सगळी सांगायची, पण एक गोष्ट हातची राखायची. मेथीचे दोन दाणे, तांदूळ धुतलेलं पाणी, असलं काहीतरी. मग समोरची करते आणि कपाळाला हात लावते, तुमच्यासारखं होतच नाही म्हणून. मला या खोडीची चीड होती. वीस वर्षांत मी कधीही काही राखून शिकवलं नाही. मी लिहिलेलं वाचून कोणीही करावं आणि जमावं, यावर माझं नाव उभं होतं. त्या दिवशी मी खोडीच्या पुढे गेले. राखलं नाही, वर एक गोष्ट घातली.

मेनू ठेवला काळ्या वाटाण्याचं सांबारं, म्हणजे आमची कोकणी रस्सा उसळ. काळा वाटाणा हट्टी. दहा तास भिजला तरी पाच-सहा शिट्ट्यांशिवाय बधत नाही, आणि त्याचा एक मोठा नियम आहे : आंबट शेवटी. वाटाणा मऊ झाला, झाकण उघडलं, की मग आमसूल आणि एक उकळी. आधी आंबट घातलं की वाटाणा आखडतो. मग कितीही शिट्ट्या काढा, दाताखाली खडाच. आणि वाटण घातलेला कुकर जास्त शिट्ट्या सोसत नाही, तळाला लागतो. वर कच्चं, खाली करपलेलं. मी भाचीला कॅप्शन सांगितलं आणि तिने टाईप केलं :

"सात वाजता घरी, पावणेआठला जेवायला. दोघं मिळून, एकच कुकर, एकदाच झाकण.
नोकरी करणाऱ्या जोडप्यांसाठी ट्रायल क्लास. काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात, काकडीची कोशिंबीर. वाटाणे सकाळी निघताना भिजत घाला. संध्याकाळी वाटाणे, वाटण, मीठ, आमसूल, सगळं एकदम कुकरमध्ये. झाकण लावा आणि पाय पसरून बसा. शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात, साहित्य आमचं. फक्त दहा जोड्या. जोडीनेच यायचं. नाव नोंदवायला मेसेज करा."

"झकास," भाची म्हणाली. "एकदाच झाकण, हे मस्त आहे." तिला आमसूल कधी घालतात हे कुठून माहीत असणार? तिला आमसूल आणि मनुका वेगळे ओळखता आले तरी पुष्कळ. मी म्हटलं, टाक.

खरं तर मला भीती होती. चार वर्षं माझ्याकडे राहिलेली बाई, आंबट शेवटी हे तिने माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. ती वाचेल, हसेल, आणि ते एक वाक्य बदलून टाकेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचीने मोबाईल दाखवला. बोरिवली, शुक्रवार, सात वाजता घरी, एकदाच झाकण, आमसुलासकट. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी शिरा केला.

तो आठवडा मी शिट्टी वाजवत घालवला. हॉलच्या शेगड्या घासल्या, दहा कुकरांच्या रिंगा बदलल्या, नऊ जोड्यांनी नाव दिलं. पण माझं मन शुक्रवारवर. शुक्रवारी सातला मी घड्याळ बघितलं. आत्ता तिने झाकण लावलं असेल. साडेसातला परत बघितलं. आठला बघितलं आणि एकटीच हसले. भाची म्हणाली, "काय गं, बरी आहेस ना?"

शनिवारी नऊच्या नऊ जोड्या आल्या. त्यातली एक जोडी, ती घाटकोपरला बँकेत, तो अंधेरीला संगणकाच्या कंपनीत, आदल्या दिवशी बोरिवलीलाही जाऊन आली होती. हल्ली लोक असंच करतात, दोन ठिकाणी ट्रायल घेतात आणि मग ठरवतात. मी न विचारताच ती सांगायला लागली. "काकू, काल काय वाट लागली माहितीये? नऊ वाजेपर्यंत वाटाणे शिजेनात. चार कुकर, चारही करपले. शेवटी सगळ्यांनी खालून वडापाव आणले. त्या बाई बिचाऱ्या सारखं म्हणत होत्या, असं होणारच नाही, थांबा, अजून दोन शिट्ट्या."

बाकीची जोडपी हसली. मी पण हसले. मला वाटलं, हे कोणीतरी लिहून घ्यावं. चार कुकर, चारही करपले.

मग आम्ही कामाला लागलो. नवरे कोशिंबिरीला, बायका कुकरला, मग उलट. सहा शिट्ट्या झाल्या, कुकर निवले, झाकणं उघडली, वाटाणे बोटात दाबून बघितले, लोण्यासारखे. मी आमसुलाची वाटी फिरवली. म्हटलं, आता घाला, प्रत्येकी चार, आणि एक उकळी काढा.

तो संगणकवाला म्हणाला, "पण तुमच्या पोस्टमध्ये तर सगळं एकदम होतं."

"टाईप करताना गडबड झाली," मी म्हटलं.

त्याचं हिशेबी डोकं. "मग त्यांच्या पोस्टमध्येही तीच गडबड कशी?"

हीच वेळ होती. मी आमसुलाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "ते तुम्ही त्यांनाच विचारा." सगळ्यांना उमगलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "म्हणजे त्या तुमचं ढापतात?" मी भात वाढायला घेतला. जेवून जाताना आठ जोड्यांनी नाव दिलं. सेक्रेटरींना मी तिथूनच फोन केला.

भाची क्लासला माझ्याबरोबरच होती. घरी आल्यावर तिने पर्स टाकली आणि माझ्याकडे बघत राहिली. "तू मुद्दाम लिहायला लावलंस."

"हो."

"माझ्या हाताने?"

"तुझ्याशिवाय मला टाकता येत नाही गं."

तिला ते आवडलं नाही. म्हणाली, "आता तरी बदलते. दहा सेकंदांचं काम आहे, कोणीतरी घरी करून बघेल." मी म्हटलं, "राहू दे जरा." का, ते तिने विचारलं नाही. ती तशी समजूतदार आहे.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. बोरिवलीचा. वर्षभरानंतर. मी उचलला, कारण मला तो ऐकायचा होता. ती भांडेल, रडेल, म्हणेल तुम्ही मला फसवलंत, आणि मग मी शांतपणे विचारीन, तू ते वाचलंस कुठे? हे वाक्य मी घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "काकू, रागावला असाल. रागवा. तुमचं लिहिलेलं मी घेते, मला लिहिता येत नाही. पण एक विचारायचं होतं."

"विचार."

"शुक्रवारी माझे वाटाणे शिजले नाहीत. सगळं तुम्ही लिहिलंय तसंच केलं. आमसूल आधी घालायचं वाचलं तेव्हा मला वाटलं, पूर्वी तर तुम्ही शेवटी घालायला लावायच्या, पण आता तुम्ही काहीतरी नवीन शोधलं असणार. मी आधी करूनही बघितलं नाही. तुमचं सांगितलेलं मला कधी करून बघावं लागलंच नाही. माझं काय चुकलं, काकू? पाणी कमी पडलं का?"

माझं ते घासलेलं वाक्य चोराला विचारायचं होतं. ही तर विद्यार्थिनीसारखी विचारत होती.

सांगायला एक श्वास पुरला असता. आमसूल शेवटी, एवढे दोन शब्द. पण मला शनिवारच्या रिकाम्या खुर्च्या आठवल्या, वरच्या सत्यनारायणाला जाताना चुकून आलेली जोडी आठवली, माझ्या ऑपरेशनच्या महिन्यात माझ्याच फोनमधून नंबर उतरवून घेताना ती कशी दिसत असेल तेही आठवलं. आणि मी म्हटलं, "हो. पाणी कमी घातलंस."

"तरीच," ती म्हणाली. तिच्या आवाजातला ताण गेला. "मी त्या सगळ्यांना तेच सांगितलं, पाककृती बरोबर आहे, चूक माझी. येत्या शुक्रवारी परत बोलावलंय त्यांना, माझ्याकडून. बॅच सुरू होणार की नाही ते आता त्यावरच आहे. बरं झालं तुम्हाला विचारलं." आणि तिने गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, बरा आहे.

सोमवारी मी सांगणार होते. मंगळवारी माझी बॅच सुरू झाली, आठही जोड्या, हॉल भरलेला, त्या गडबडीत राहिलं असं म्हणते मी. ते खरं नाही. बुधवारी मी तिचा नंबर काढून बघितला आणि फोन ठेवून दिला. गुरुवारी भाचीने परत विचारलं, कॅप्शन बदलू का, आणि मी म्हटलं, शनिवारी बदल. शुक्रवारी दुपारपासून फोन माझ्या पदराशी होता. सहा वाजले, साडेसहा वाजले, सात वाजले. मला नक्की माहीत होतं तिने झाकण कधी लावलं.

आठ वाजून गेल्यावर मेसेज आला. "काकू, दुप्पट पाणी घातलं तरी नाही शिजले. लोक गेले. तुम्ही चार वर्षं शिकवलंत, माझ्याच हातात काही नाही. क्लास बंद करते."

मी तो वाचला. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असणार. उत्तर मी अजून दिलेलं नाही.